क्रीडादिनाच्या टाळीगीताच्या प्रकल्प नोंदी

काम काय: शाळेच्या क्रीडादिनासाठी प्रोत्साहन पथकाचं टाळ्यांवरचं घोषगीत तयार करणं. शाळा जळगाव जिल्ह्यात, गिरणाकाठी. पथकात सहावी-सातवीची २४ मुलं-मुली. मुलांचे चार गट आहेत, तापी, गिरणा, पांझरा आणि वाघूर. मैदानात कोणतेही दोन गट उतरले तरी पथक एकच, म्हणून गीतही एकच हवं आणि त्यात गटाचं नाव बदलता यायला हवं. सराव रोज परिपाठानंतर २० मिनिटं. क्रीडादिन ४ जानेवारीला.

९ डिसेंबर

पहिला मसुदा आठ ओळींचा, वहीत वाचायला छान. पहिली ओळ: ‘जिद्दीने लढू, मैदान जिंकू, विजयाचा झेंडा फडकवू’. घाईघाईने २४ झेरॉक्स काढून वाटल्या, ४८ रुपये. दुसऱ्याच फेरीला गीत कोसळलं.

कारण सरळ होतं. मुलं प्रत्येक ठोक्याला टाळी वाजवत होती आणि त्याच वेळी शब्दही म्हणत होती. २४ जोड्या हातांची टाळी पडली की त्या क्षणी तोंडातून निघालेलं व्यंजन तिच्याखाली दबतं. वर्गाच्या दारात उभं राहिलं तर ऐकू येत होतं फक्त ‘ई... ऊ... ऊ...’. शिवाय ‘विजयाचा झेंडा फडकवू’ एवढं एका दमात म्हणायला श्वास उरत नाही, म्हणून मागची रांग अर्ध्यावर गप्प व्हायची.

कागद बाजूला ठेवले. गीत पक्कं होईपर्यंत झेरॉक्स काढायची नाही असं ठरलं.

११ डिसेंबर

शब्द आणि टाळ्या वेगळ्या केल्या. आता प्रत्येक ओळ आठ ठोक्यांची. पहिल्या चार ठोक्यांत फक्त शब्द, पुढच्या चारांत तीन टाळ्या आणि एक ठोका रिकामा. रिकामा ठोका श्वासासाठी.

शब्द । टा टा टा –

या साच्यात शब्दांना चारच ठोके मिळतात, म्हणून ओळ आपोआप छोटी होते. नवा मसुदा:

काळी माती । टा टा टा –
पायाखाली । टा टा टा –
गिरणाकाठी । टा टा टा –
पोरं आली । टा टा टा –

मुलांना तीन फेऱ्यांत पाठ. वर्गात दणका बसला. दारातून प्रत्येक शब्द स्पष्ट.

वेग असा ठरवला: १० सेकंदांत १६ ठोके, म्हणजे मिनिटाला ९६. मोबाइलवर मेट्रोनोम लावून सुरुवात करायची आणि मग तो बंद करायचा. ११० च्या पुढे गेलं की ‘पोरं आली’चं ‘पोराली’ होतं.

१३ डिसेंबर

गटाच्या नावाची जागा करायला बसलो आणि दोन दिवस फुकट घालवले. ते कसे गेले ते नीट लिहून ठेवतो, कारण गीत लिहिणारा जवळपास प्रत्येक जण इथे अडकेल.

ओळ ठरवली होती ‘गिरणा गिरणा’. मात्रा मोजल्या. गि १, र १, णा २, म्हणजे चार, आणि नाव दोनदा म्हटलं की आठ. तापी, तीही चार मात्रांची. पण पांझरा पाच मात्रांची (पां २, झ १, रा २) आणि वाघूरही पाच (वा २, घू २, र १). म्हणजे दोन गटांची नावं बसतात आणि दोन गटांची सांडतात. मग ती बसवण्यासाठी खटाटोप सुरू झाला. कुठे ‘हो’ घातला, कुठे ‘रे’. पांझरासाठी वेगळी ओळ लिहिली, वाघूरसाठी तिसरीच. मुलांनी चार गटांच्या चार वेगवेगळ्या चाली पाठ केल्या आणि तिसऱ्या फेरीत सगळ्या एकमेकांत मिसळल्या.

चूक कागदावरच्या मात्रांत होती. आपण लिहितो ‘पांझरा’, तीन अक्षरं. पण बोलताना मधला ‘झ’ अर्धाच राहतो आणि तोंडातून निघतं ‘पांझ्-रा’. तेच गिरणाचं, ‘गिर्-णा’. वाघूर म्हणताना शेवटच्या ‘र’ला वेगळा ठोका लागत नाही, तो ‘घू’लाच चिकटून येतो, ‘वा-घूर’.

तपासायची सोपी रीत आहे. तळहात आडवा धरून हनुवटीला खालून टेकवा आणि शब्द सावकाश म्हणा. हनुवटी जितक्यांदा हाताला दाबते तितके ठोके. तापी दोन, गिरणा दोन, पांझरा दोन, वाघूर दोन. चारही नावं सुरुवातीपासून एकाच मापाची होती. ‘हो’ आणि ‘रे’ सगळे काढून टाकले.

त्यानंतर प्रत्येक ओळ याच रीतीने मोजली. ओळीला चार हनुवट्या. वृत्तात लिहायचं असेल तर मात्रा मोजाव्यात, पण पोरांच्या तोंडी द्यायचं असेल तर शब्द तोंडानेच मोजावा.

१६ डिसेंबर

पहिल्यांदा मैदानात. मोबाइल ध्वनिमुद्रणाला लावून ६० मीटरवर, जिथे पाहुण्यांचा मंडप पडणार तिथे ठेवला. वर्गात दणकणारं गीत तिथे बारीक, किरकिरं ऐकू आलं. टाळ्या पोचत होत्या, शब्दांचं फक्त टोक पोचत होतं.

माती, खाली, काठी, आली. चारही ओळी ‘ई’वर संपतात. ‘ई’ म्हणताना ओठ ताणले जातात, तोंड उघडत नाही, म्हणून आवाज पातळ निघतो. ‘आ’ म्हणताना जबडा खाली येतो आणि तोंड पूर्ण उघडतं. खात्री करायला त्याच मुलांना त्याच जागेवरून आधी ‘माती माती’ आणि मग ‘वारा वारा’ म्हणायला लावलं. ध्वनिमुद्रण ऐकल्यावर वाद उरला नाही.

म्हणजे सगळं यमक बदलायचं. वाईट वाटलं, ‘काळी माती, पायाखाली’ ही जोडी मुलांना फार आवडली होती. पण मैदानात जी ओळ ऐकू येत नाही ती ठेवून उपयोग नाही.

आणखी एक बारीक गोष्ट. सकाळी आठला थंडी असते, मुलं स्वेटरच्या बाह्या ओढून तळवे झाकतात आणि तशीच टाळी वाजवतात. लोकरीवर लोकर आपटली की नुसता ‘फुस’ असा आवाज येतो. सुरू करण्याआधी बाह्या मनगटाच्या वर. टाळीही सपाट तळव्यावर सपाट तळवा अशी नको. एका हाताची चार बोटं दुसऱ्या हाताच्या किंचित खोलगट तळव्यावर पडली पाहिजेत. आवाज टोकदार येतो आणि हात लवकर लाल होत नाहीत.

१८ डिसेंबर

‘आ’कारान्त मसुदा:

सातपुड्याचा । टा टा टा –
वारा आला । टा टा टा –
गिरणेवरचा । टा टा टा –
मेळा आला । टा टा टा –
पाऊल टाका । टा टा टा –
धुरळा उडवा । टा टा टा –

हनुवटीवर तपासलं: सात्-पु-ड्या-चा, गिर्-णे-वर्-चा, पा-ऊल्-टा-का, धुर्-ळा-उड्-वा. सगळीकडे चार.

मैदानात आवाज चांगला पोचला, पण चौथी आणि सहावी ओळ अस्पष्ट. जवळ जाऊन ऐकलं तर अर्धी मुलं ‘मेळा’ म्हणत होती आणि अर्धी ‘मेया’. घरी अहिराणी बोलणाऱ्या मुलांच्या तोंडी ‘ळ’च्या जागी ‘य’ येतो, काळ्याचा काया होतो, केळीची केयी. उच्चार त्यांच्या बोलीत बरोबरच आहे आणि तो दुरुस्त करायला आम्ही बसलेलो नाही. अडचण एवढीच की २४ तोंडांतून एकाच क्षणी दोन वेगळे आवाज निघाले की लांबून दोन्ही पुसट होतात.

ओळीच बदलल्या. ‘मेळा आला’चं ‘ताफा आला’, ‘धुरळा उडवा’चं ‘माती उडवा’. धुरळा हा शब्द सोडवत नव्हता, पण माती परत आली हेही बरं झालं. खानदेशात गीत बांधणाऱ्यांनी ‘ळ’ ठोक्यावर आणू नये.

२० डिसेंबर

अहिराणी तोंडात आहे तर ती गीतातच यावी, असं वाटून सातवी ओळ केली ‘गिरणा उना, गिरणा उना’. पोषण आहाराच्या मावशी भांडी घासता घासता ऐकत होत्या. त्या थांबल्या.

“सर, नदी उनी. उना तो भाऊ.”

बरोबर. ‘उना’ म्हणजे आला आणि ‘उनी’ म्हणजे आली. पण उनी घेतलं तर पुन्हा ‘ई’. मग नदी काढून संघ घेतला, तो पुल्लिंगी:

उना रे उना रे । संघ आम्हना –

मावशींना म्हणून दाखवलं. त्यांनी मान डोलावली.

पण ओळ बसेना. मुलं टाळी ‘उ’वर मारायला जात आणि जीभ ‘ना’वर जोर देई. दोन्ही एकमेकांना ओढत होती आणि ओळ घसरत होती. ‘उ’ ऱ्हस्व आणि ‘ना’ दीर्घ, त्यामुळे बोलताना वजन ‘ना’वरच पडतं. टाळीही तिथेच हवी. म्हणजे ‘उ’ हा ठोक्याच्या आधी, मागच्या रिकाम्या ठोक्याच्या उत्तरार्धात म्हणून टाकायचा:

(उ) ना । रे-उ । ना । रे

कंसातला ‘उ’ टाळीच्या आधी आणि दोन्ही ‘ना’ टाळीवर. मुलांना हे समजावण्यात वेळ घालवला नाही. पाय उचलताना ‘उ’, पाय आपटताना ‘ना’, एवढंच सांगितलं. पाचव्या वेळेला बसलं.

२१ डिसेंबर

कालच्या दुरुस्तीने नवी अडचण आणली. सहाव्या ओळीनंतरचा रिकामा ठोका श्वासासाठी होता आणि त्याचा अर्धा भाग आता ‘उ’ने घेतला. मुलं धापा टाकत सातव्या ओळीत शिरत होती आणि ‘संघ आम्हना’ला आवाज उरत नव्हता, नेमकं तेच जोरात हवं.

सहाव्या ओळीची तिसरी टाळी काढली. आता तिथे टा टा – – असं आहे, म्हणजे दीड ठोका श्वासाला आणि अर्धा ‘उ’ला. एक टाळी कमी केल्यामुळे ऐकणाराही क्षणभर थबकतो आणि मग ‘उना’ कानावर येतं. हा फायदा ठरवून मिळवलेला नाही, पण आता ती टाळी परत घालणार नाही.

२४ डिसेंबर

पूर्ण गीत ६४ ठोक्यांचं झालं. मिनिटाला ९६ च्या वेगाने ते ४० सेकंदांत संपलं पाहिजे. सलग चार वेळा म्हणून घेतलं. पहिली फेरी ४० सेकंद, दुसरी ३८, तिसरी ३४, चौथी ३०. शेवटच्या फेरीचा वेग मिनिटाला १२८ पडला आणि शब्दांचा चुरा झाला.

‘हळू म्हणा’ असं सांगून काही होत नाही. नीट पाहिल्यावर लक्षात आलं की मुलं शब्द किंवा टाळ्या फारशा पळवत नाहीत. रिकामा ठोका खातात. टाळी संपली की हात मोकळे, करायला काही नाही, म्हणून पुढची ओळ लगेच सुरू.

त्या ठोक्याला काम दिलं. तिसऱ्या टाळीनंतर दोन्ही हात खांद्याच्या रेषेत बाजूला पूर्ण उघडायचे. हात उघडून परत आणायला जो वेळ लागतो तोच ठोका. चार फेऱ्या पुन्हा मोजल्या: ४०, ४०, ३९, ३८. लांबून ते उघडणारे हात दिसतातही छान.

२७ डिसेंबर

रंगीत तालीम. सकाळ वाया गेली.

पथक मैदानाच्या एका बाजूला ५० मीटर लांब ओळीत उभं केलं होतं, दिसायला भरगच्च दिसावं म्हणून. सुरुवात बरी झाली, दुसऱ्या ओळीपासून प्रत्येक टाळी दुहेरी. मुलांना रागावण्यात अर्धा तास गेला आणि चूक त्यांची नव्हती.

हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. ५० मीटर पार करायला त्याला सुमारे ०.१५ सेकंद लागतात. टोकाचा मुलगा ऐकून टाळी वाजवतो, म्हणजे तेवढा उशिरा. त्याची टाळी परत या टोकाला पोचायला आणखी ०.१५. इथे उभ्या असलेल्या माणसाला ती ०.३ सेकंद मागे ऐकू येते. आपला एक ठोका ०.६ सेकंदांहून थोडा मोठा आहे, म्हणजे लांबची टाळी बरोबर अर्ध्या ठोक्यावर येऊन पडते. म्हणूनच ‘टा टा टा’चं ‘टाटा टाटा टाटा’ होत होतं.

दोन बदल केले. पथक सहा-सहाच्या चार रांगांत, हाताच्या अंतरावर. आता सगळ्यात लांबची दोन मुलंही सहा-सात मीटरवर आहेत आणि तेवढा उशीर कानाला कळत नाही. दुसरं म्हणजे ठोका कानाने नाही, डोळ्याने घ्यायचा. समोर एक मुलगी खुर्चीवर उभी, हातात पिवळं फडकं, फडकं खाली आलं की टाळी. फडक्याला अर्धा मीटर कापड, ३० रुपये.

कडेला बसणाऱ्या बाकीच्या मुलांना पूर्ण गीत द्यायचं नाही असं ठरलं. ती लांबवर पसरलेली असतात, त्यांची टाळी मागे पडणारच. त्यांनी फक्त शेवटी गटाचं नाव ओरडायचं, टाळी नाही. नाव अर्धा ठोका मागे आलं तर प्रतिध्वनीसारखं वाटतं, ते चालतं.

वेग देण्यासाठी सुरुवातीला हलगीचे चार ठोके ठेवले आहेत. आज हलगी भदभद वाजली. रात्री ती उघड्या व्हरांड्यात राहिली होती, दवाने कातडं सैल पडलं. कागद पेटवून त्यावर लांबून फिरवून शेकली तेव्हा कातडं ताणलं गेलं आणि आवाज खणखणीत आला. क्रीडादिनाच्या आदल्या रात्री ती कपाटात ठेवायची आणि सुरू होण्याआधी दहा मिनिटं शेकायची.

३० डिसेंबर

पक्कं गीत. आज झेरॉक्स काढल्या, पुन्हा ४८ रुपये.

(हलगी: चार ठोके)

सातपुड्याचा । टा टा टा –
वारा आला । टा टा टा –
गिरणेवरचा । टा टा टा –
ताफा आला । टा टा टा –
पाऊल टाका । टा टा टा –
माती उडवा । टा टा – –(उ)
ना रे-उना रे । संघ आम्हना –
गिरणा टा टा । तापी टा टा

‘–’ म्हणजे हात बाजूला उघडायचे. सहाव्या ओळीत असे दोन ठोके आहेत, पहिल्यात हात उघडायचे, दुसऱ्यात पाय उचलायचा. सातव्या ओळीत टाळी फक्त दोन ‘ना’वर, आणि ‘संघ आम्हना’ला टाळी अजिबात नाही. शेवटच्या ओळीत मैदानातल्या दोन गटांची नावं. कोणतं आधी घ्यायचं ते फडकंवाली ठरवते आणि हलगीच्या आधी मागे वळून सांगते. मधेच बदलायचं नाही.

वाघूरचं नाव ‘र’वर बंद होतं, म्हणून ते ‘वाघूऽर’ असं ‘घू’वर ओढून म्हणायचं. ‘र’ शेवटी नुसता टेकवायचा.

४ जानेवारी

क्रीडादिन. सकाळच्या सत्रात खो-खो, कबड्डी, रस्सीखेच. गीत एकूण अकरा वेळा झालं.

चाललं ते: मंडपातून शब्द ऐकू आले. ‘संघ आम्हना’ पालकांनी तिसऱ्या वेळेपासून स्वतःहून उचललं. ते बाजूने पसरलेले होते, तरी त्या ठिकाणी टाळी नसल्यामुळे गोंधळ झाला नाही.

फसलं ते: चौथ्या वेळी कोणीतरी फडकंवालीच्या हातात माईक दिला. आवाजाचे कर्णे मैदानाच्या पलीकडच्या बाजूला होते. तिचाच आवाज कर्ण्यातून उशिरा परत आला, तिने कर्ण्याचा आवाज धरला आणि पथकाने फडकं. दुसऱ्या ओळीत सगळं सांडलं. माईक काढून घेतला आणि पहिल्यापासून सुरू केलं.

रस्सीखेचीला हे गीत चालत नाही. खेचणाऱ्यांचा दम त्यांच्या स्वतःच्या ‘हैय्या’वर असतो आणि आपल्या टाळ्या त्यांच्या मधे येतात. दोन्ही गटांच्या शिक्षकांनी थांबायला सांगितलं आणि ते योग्य होतं. रस्सीखेचीला गीत दोर ताणला जाण्याआधी एकदा म्हणायचं आणि शिट्टी झाली की गप्प.

कबड्डीत चढाई सुरू असतानाही नाही. चढाई करणाऱ्याचा ‘कबड्डी कबड्डी’चा दम पंचांना ऐकू आला पाहिजे. तिथे दोन चढायांच्या मधे ४० सेकंद मिळत नाहीत, म्हणून फक्त शेवटच्या दोन ओळी म्हटल्या. त्या १६ ठोक्यांच्या, दहा सेकंदांत संपतात. पुढच्या वर्षी या दोन ओळींचा सराव पहिल्या आठवड्यापासून वेगळा घ्यायचा, कारण आधीची ओळ नसली की मुलांना ‘उ’ कुठून उचलायचा ते कळत नाही. आज त्यासाठी हलगीचे तीनच ठोके दिले आणि चौथ्याच्या जागी पाय उचलायला लावला.

हिशोब: झेरॉक्स ९६ रुपये, त्यातले ४८ वाया. फडकं ३०. सराव १७ दिवस, त्यातले दोन मात्रांच्या घोळात आणि एक सकाळ लांब ओळीत गेली.

६ जानेवारी

चार मुलांचे घसे बसले आहेत, चौघंही मागच्या रांगेतली. समोरच्यांच्या वरून आवाज काढायला ती ओरडत होती. पुढच्या वेळी मागच्या दोन रांगा बाकांवर उभ्या करायच्या आणि दर दोन खेळांनंतर मागची रांग पुढे आणायची. हलगी मालकाला परत केली, फडकं क्रीडासाहित्याच्या पेटीत वरच ठेवलं आहे.